पॅनकेकचं पीठ: किती ढवळायचं आणि किती वेळ मुरू द्यायचं

प्रश्न: मी मैद्याचे पॅनकेक करते. पीठ अगदी गुळगुळीत होईपर्यंत फेटते, बेकिंग पावडरही घालते, तरी ते फुगत नाहीत, चपटे आणि वातड होतात. कुणी म्हणतं पीठ रात्रभर ठेवा, कुणी म्हणतं लगेच तव्यावर घाला नाहीतर सोडा मरतो. खरं काय? आणि हेच पीठ वॉफलला चालेल का?

उत्तर:

आधी संशय फेटण्यावर घ्या, बेकिंग पावडरवर नंतर. मैदा ओला झाला की चमच्याने किंवा उलथण्याने हलक्या हाताने पंधरा-वीस वेळा फिरवायचं आणि बारीक गुठळ्या दिसत असतानाच थांबायचं. मग भांडं झाकून पंधरा ते वीस मिनिटं ठेवायचं, आणि त्यानंतर पुन्हा न ढवळता पीठ तव्यावर घालायचं. रात्रभर ठेवायची गरज नाही आणि लगेच ओतायची घाईही नाही. वॉफलला हेच पीठ थोडे फरक करून चालतं, त्याबद्दल शेवटी लिहितो.

गुळगुळीत होईपर्यंत फेटण्याची सवय आपल्याकडे कुठून येते ते मला नीट माहीत आहे, कारण माझ्या हाताखाली न्याहारीच्या कामाला येणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती ही सवय घेऊनच येते. भज्यांचं बेसन फेटलं की हलकं होतं. मेदूवड्याची वाटलेली उडदाची डाळ फेटून फेटून पाण्यात तरंगेल इतकी हलकी करतात. घावनाच्या पिठात एकही गुठळी राहिलेली चालत नाही. ही सगळी पिठं तांदळाची नाहीतर डाळींची आहेत. त्यांत ग्लुटेन तयार होत नाही, त्यामुळे कितीही ढवळलं तरी ती चिवट होत नाहीत, उलट हवा भरून हलकी होतात. मैदा गव्हाचा आहे आणि तो वेगळा वागतो.

कोरड्या मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं की ती फुगतात, आणि ढवळलं की एकमेकांना धरून ताणल्या जाणाऱ्या धाग्यांचं जाळं बनवतात. हेच ग्लुटेन. पावाला हे जाळं मजबूत लागतं, कारण यीस्ट तासन्‌तास हळूहळू वायू सोडत राहतं आणि तो इतका वेळ धरून ठेवायला काहीतरी बळकट हवं असतं. पॅनकेक तव्यावर एका बाजूने जेमतेम दोन-अडीच मिनिटं असतो. वायू तेवढ्या वेळात पटकन तयार होतो आणि पीठ तितक्याच पटकन वर उचललं जायला हवं. जाळं घट्ट झालं असेल तर ते फुगणाऱ्या बुडबुड्यांना मागे ओढतं. शिजल्यावर पॅनकेकला आकार मुख्यतः अंडं आणि स्टार्च देतात, ग्लुटेनचं काम तिथे थोडंसंच असतं. आपल्याकडच्या मैद्याच्या बहुतेक पाकिटांवर १०० ग्रॅममागे १० ते ११ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लिहिलेली दिसतात. म्हणजे चिवट व्हायला पुरेशी ताकद त्यात आहे, फक्त ती आपण जागी करायची नाही.

फेटण्याने दुसरंही एक नुकसान होतं आणि ते सहज लक्षात येत नाही. दह्याशी सोड्याची गाठ पडल्या क्षणी कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो. पिठात त्याचे बारीक बुडबुडे अडकतात, आणि तव्यावर हेच बुडबुडे गरम होऊन मोठे होतात. तारेचा फेटणा जोरात फिरवला की ते फुटतात आणि वायू वर निघून जातो. म्हणजे पीठ चिवटही होतं आणि फुगवणारा वायूही जातो. तुमचे पॅनकेक चपटे आणि वातड दोन्ही होतात, ते बहुधा यामुळेच.

मग गुठळ्यांचं काय? गुठळी म्हणजे आत कोरडा मैदा आणि बाहेर ओल्या लगद्याचं पातळ आवरण. ती मोडायला ताकदीपेक्षा वेळ जास्त उपयोगी पडतो, कारण बाहेरचं पाणी हळूहळू आत झिरपतच असतं. तुरीच्या डाळीएवढी गुठळी पंधरा मिनिटांत बरीचशी विरते, आणि उरलीच तर तव्यावरच्या वाफेत शिजून जाते. वाटाण्यापेक्षा मोठी असेल तर ती उलथण्याच्या टोकाने भांड्याच्या कडेला दाबून मोडा, सगळं पीठ त्यासाठी पुन्हा फिरवू नका. गुठळ्या मुळात कमी व्हाव्यात असं वाटत असेल तर मेहनत आधी घ्या. मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि साखर एकत्र चाळा, मग कोरडंच फेटण्याने मिनिटभर फिरवा. ओल्या वस्तूही दुसऱ्या भांड्यात हव्या तेवढ्या फेटा. कोरडं आणि ओलं वेगवेगळं असेपर्यंत कितीही ढवळलं तरी काही बिघडत नाही. जपायचं असतं ते दोन्ही एकत्र आल्यानंतर.

मुरू दिल्याने काय होतं, हे पोळ्या करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. नुकत्याच मळलेल्या कणकेची पोळी लाटताना ती मागे आखडते, आणि तीच कणीक झाकून ठेवल्यावर लाटणं अलगद फिरतं. ग्लुटेनचे ताणलेले धागे दरम्यान सैल पडलेले असतात. आपण कितीही हळू ढवळलं तरी पॅनकेकच्या पिठात थोडं ग्लुटेन बनतंच, आणि मुरताना तेही असंच सैल होतं. पण एक मर्यादा इथे ध्यानात ठेवायला हवी. दोन मिनिटं जोरात फेटलेलं पीठ वीस मिनिटं ठेवलं तर ते थोडं सुधारतं, हलक्या हाताने कालवलेल्या पिठासारखं मात्र होत नाही. बनलेलं जाळं सैल पडतं, नाहीसं होत नाही.

मुरण्याचा दुसरा परिणाम मला याहून महत्त्वाचा वाटतो, कारण पॅनकेकची जाडी त्यावर ठरते. गहू दळताना स्टार्चचे काही कण फुटतात. अख्खा कण थंड पाणी थोडंच घेतो, फुटलेला कण पुष्कळ जास्त शोषतो, पण त्याला काही मिनिटं लागतात. त्यामुळे कालवताना सरसरीत वाटणारं पीठ पंधरा मिनिटांनी आपोआप दाट होतं. दाट पिठात बुडबुडे सहज वर येऊन फुटत नाहीत, जिथल्या तिथे अडकून राहतात. तव्यावर घातल्यावर असं पीठ पसरत जात नाही, थोडं उंच राहतं. लगेच घातलेला पॅनकेक जास्त पसरतो आणि पातळ होतो. पुष्कळ लोक हे पसरणं पाहून पुढच्या वेळी मैदा वाढवतात आणि मग कोरडा, जड पॅनकेक खातात. मैदा तेवढाच ठेवून फक्त वेळ दिला असता तर काम झालं असतं.

आता सोडा मरतो की नाही. यात तथ्य आहे, पण ते सोड्यापुरतं. खायचा सोडा आम्ल भेटताच कामाला लागतो आणि त्याचा बराचसा वायू पहिल्या काही मिनिटांतच सुटतो. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडी आम्लं मिसळलेली असतात, आणि चांगल्या पावडरमध्ये त्यातलं निदान एक आम्ल तापल्याशिवाय नीट जागं होत नाही. डब्यावरची घटकांची यादी वाचा. आयएनएस ३४१ म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट, त्याचा पावडरीत वापरला जाणारा प्रकार ओला होताच काम करतो. ४५० म्हणजे पायरोफॉस्फेट आणि ५२१ म्हणजे सोडियम ॲल्युमिनियम सल्फेट, ही उष्णतेवर काम करणारी. यादीत शेवटच्या दोनपैकी एखादं असेल तर वीस मिनिटं थांबायला घाबरू नका, तव्यासाठी राखीव ताकद शिल्लक असते. तुमच्या कृतीत फक्त सोडा असेल तर मात्र मैदा, दही आणि बाकी सगळं कालवून मुरत ठेवा आणि सोडा अगदी शेवटी, चमचाभर दुधात विरघळवून, चार-पाच वळणांत मिसळा. ढोकळ्याच्या पिठात इनो किंवा सोडा वाफवायच्या आधी शेवटी घालतात, त्यामागचं कारण हेच.

पावडरच जुनी आहे का, ते पाहणं सोपं आहे. अर्धा चमचा पावडर पाव कप कडकडीत गरम पाण्यात टाका. लगेच भरभरून फेस आला पाहिजे. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या डब्यातली पावडर दमट हवेतच झिजते, त्यामुळे जूननंतर ही परीक्षा एकदा जरूर करा.

मी ज्या प्रमाणाने करतो ते सांगतो. यात साधारण आठ पॅनकेक होतात. १५० ग्रॅम मैदा, एक मोठा चमचा साखर, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, पाव लहान चमचा सोडा आणि पाव लहान चमचा मीठ हे कोरडं. ओल्यात १८० ग्रॅम दही, ६० मिली दूध, एक अंडं आणि ३० ग्रॅम वितळवून कोमट केलेलं लोणी. लहान चमचा म्हणजे ५ मिलीचा मापाचा चमचा आणि मोठा १५ मिलीचा. घरातल्या चहाच्या चमच्यांची मापं सारखी नसतात, आणि सोड्याच्या बाबतीत हा फरक जिभेला कळतो.

दही आणि दूध का, तेही सांगायला हवं. या पॅनकेकची मूळ अमेरिकी कृती बटरमिल्कवर उभी आहे. तिथलं विकतचं बटरमिल्क हे विरजण लावून दाट केलेलं दूध असतं. आपलं ताक त्याच्या जागी तितकंच घातलं तर पीठ पाणी पाणी होतं. तीन भाग दही आणि एक भाग दूध घुसळून घेतलं की दाटपणा आणि आंबटपणा दोन्ही जवळपास जुळतात. दही साधारण आंबट असावं. फार गोड दह्यात सोड्याला पुरेसं आम्ल मिळत नाही, आणि आम्लाविना उरलेल्या सोड्याची साबणासारखी चव मागे राहते. फ्रीजमधलं दही आणि अंडं अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. थंडगार दह्यात कोमट लोणी घातलं की त्याचे कण गोठतात आणि पिठात सारखे पसरत नाहीत. मैद्याच्या कणांवर चढलेला स्निग्धांश ग्लुटेनचे धागे लांबू देत नाही, त्यामुळे लोणी सगळीकडे पोचणं गरजेचं असतं.

कोरड्याच्या मध्ये खळगा करा आणि सगळं ओलं एकदम त्यात ओता. थोडं थोडं घातलं तर पहिल्या भागातला मैदा घट्ट गोळा होऊन विनाकारण मळला जातो. रबरी उलथणं किंवा लाकडी डाव घ्या, तारेचा फेटणा या टप्प्यावर बाजूला ठेवा. तळाशी घालून, वर उचलून, भांडं थोडं फिरवत कालवा. दहाव्या-बाराव्या वळणाला कोरड्या पिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतील, पंधराच्या पुढे त्या जवळजवळ संपतील. तिथे थांबा. या वेळी पीठ दिसायला ओबडधोबड असतं आणि उलथणं वर उचललं की ते तुटक गोळ्यांनी खाली पडतं. ते रेशमी फितीसारखं सलग ओघळत असेल, किंवा उलथण्यापासून भांड्यापर्यंत ताणलेली तार दिसत असेल, तर ढवळणं जास्त झालेलं आहे.

आता झाकण ठेवा आणि तवा तापायला ठेवा. उन्हाळ्यात पंधरा मिनिटं पुरतात, थंडीत वीस द्या. झाकण काढाल तेव्हा वरचा थर थोडा फुगलेला आणि बुडबुड्यांनी भरलेला दिसेल. या क्षणी पळी घेऊन पीठ एकदा हलवून घ्यावंसं वाटतं, कारण इडली-डोशाच्या पिठाला आपण तेच करतो. इथे ते करू नका. वीस मिनिटांत जमलेला वायू दोन वळणांत निघून जातो. पळी कडेने तळाशी सरकवा, भरून वर घ्या आणि थेट तव्यावर सोडा. पीठ फारच दाट वाटलं तर या खेपेला तसंच वापरा, आणि पुढच्या खेपेला कालवण्याआधीच दोन चमचे दूध वाढवा.

तव्याबद्दल थोडक्यात. जाड बुडाचा तवा हवा, बिडाचा असेल तर उत्तम, आणि आच मध्यमपेक्षा जरा कमी. लोण्याचा छोटा तुकडा टाकल्यावर तो फेसाळला पाहिजे, पण लगेच तपकिरी होता कामा नये. प्रत्येक पॅनकेकला साधारण ६० मिली, म्हणजे पाव कप पीठ घाला आणि पळीने पसरवू नका. वर बुडबुडे येऊन फुटतात. सुरुवातीला फुटलेल्या बुडबुड्याची जागा लगेच भरून येते. ती भरून न येता छिद्र तसंच उघडं राहायला लागलं आणि कडेची चकाकी गेली की उलटा. दुसऱ्या बाजूला दीड मिनिट पुरतं, आणि त्या वेळी कालथ्याने दाबू नका.

आपलं कुठे चुकतं ते पक्कं कळावं म्हणून एकदा हे करून पाहा. वरच्या प्रमाणाचं कोरडं आणि ओलं दोन्ही मोजून निम्मं निम्मं करा. एका भांड्यात पंधरा वळणं कालवून वीस मिनिटं ठेवा. दुसरं बरोबर त्याच वेळी फेटण्याने दोन मिनिटं, तुमच्या सवयीप्रमाणे गुळगुळीत करा, आणि तेही वीस मिनिटं ठेवा. दोन्हींतले पाव-पाव कप एकाच तव्यावर शेजारी शेजारी घाला. कालवलेल्याला सगळीकडे सारखे बुडबुडे येतात. फेटलेल्याला ते कमी आणि विरळ येतात. शिजल्यावर दोन्ही मधोमध कापा. पहिल्यात बारीक, अनियमित जाळी दिसेल आणि बोटाने दाबलं तर ती परत वर येईल. दुसऱ्यात जाळी गच्च असेल, किंवा तळापासून वर गेलेले उभे बोगदे दिसतील, आणि तुकडा तोडताना तो आधी ताणला जाईल. एकच मैदा, एकच पावडर, एकच तवा आणि तितकाच वेळ, म्हणून जो फरक दिसेल तो फेटण्याचाच.

या उभ्या बोगद्यांवरून मी दोष ओळखतो. बोगदे आणि ताणला जाणारा तुकडा असेल तर ढवळणं जास्त झालंय. जाळी गच्च, पण तुकडा मऊ आणि सहज तुटणारा असेल तर पावडर जुनी आहे किंवा मुरल्यानंतर पीठ पुन्हा हलवलंय. रंग लवकर गडद झाला आणि जिभेवर साबणासारखी चव राहिली तर सोडा जास्त पडलाय. आणि खाताना कोरडं पीठ दाताखाली आलं तर कालवणं कमी पडलं. असं क्वचित होतं आणि चार वळणं वाढवली की संपतं.

कणकेचे पॅनकेक करणार असाल तर मुरण्याचा वेळ वाढवा. चक्कीवर दगडांमध्ये दळलेल्या कणकेत स्टार्चचे फुटलेले कण मैद्यापेक्षा जास्त असतात आणि कोंडाही पाणी पितो. निम्मी कणीक असेल तर दूध ३० मिली वाढवा आणि पीठ अर्धा तास ठेवा. कोंड्याला पाणी पुरतं मिळालं नाही तर पॅनकेक खाताना खरखरीत लागतो, आणि खाणाऱ्याला तो अर्धवट शिजलाय असं वाटतं. गुळाची गोड धिरडी करणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. कणीक गुळाच्या पाण्यात हलक्या हाताने भिजवा आणि मग ठेवून द्या. घोटत बसलात तर धिरडं वातड होतं.

अंडं नको असेल तर त्याच्या जागी ३० ग्रॅम दही आणि एक मोठा चमचा दूध वाढवा. अंड्यातलं प्रथिन तव्यावर घट्ट होऊन जो आधार देतं तो इथे नसतो, त्यामुळे पॅनकेक लहान घाला, आच आणखी मंद ठेवा आणि उलटायला अर्धं मिनिट उशीर करा. अंडं नाही म्हणून सोडा वाढवायचा मोह होतो. तो टाळा, त्याने जाळी मोठी होऊन मध्येच बसते.

रात्रभर ठेवण्याचा सल्ला यीस्टच्या पिठासाठी योग्य आहे. बेल्जियममधल्या ब्रसेल्स पद्धतीच्या वॉफलच्या पिठात यीस्ट असतं आणि त्याला वेळ द्यावाच लागतो. सोडा आणि बेकिंग पावडरच्या पिठाचं रात्रीतून वेगळंच होतं. सोड्याचा वायू संपतो, ग्लुटेन न ढवळताही पाण्यात हळूहळू बनत राहतं आणि पीठ राखाडी पडतं, कणकेत तर ते आणखी लवकर दिसतं. सकाळची घाई असेल तर कोरडं मिश्रण डब्यात भरून ठेवा, आणि दही, दूध, अंडं घुसळून फ्रीजमध्ये. सकाळी ते ओलं अर्धा तास आधी बाहेर काढा, मग लोणी वितळवून त्यात घाला आणि कालवा. आमच्याकडे न्याहारीची गर्दी असते तेव्हा आम्ही असंच करतो, आणि एका वेळी अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढंच पीठ भिजवतो.

आता वॉफल. मऊपणाबरोबर इथे बाहेरून कुरकुरीतपणा हवा असतो, म्हणून प्रमाण थोडं बदलतं. १५० पैकी २५ ग्रॅम मैदा काढून तेवढं कॉर्नफ्लोअर घाला, त्यात ग्लुटेन नसतं आणि त्याचं कवच कुरकुरीत होतं. लोणी दुप्पट, म्हणजे ६० ग्रॅम करा. दूध ६० ऐवजी ३० मिली घ्या. अंड्यातला पिवळा भाग ओल्यात घालून पीठ आधीसारखंच कालवा आणि वीस मिनिटं मुरू द्या. पांढरा भाग मुरण्याच्या शेवटी, टोक हळूच वाकेल इतपत फेटा. मग तो पिठावर ठेवून उलथण्याने खालून वर दुमडत मिसळा. मुरल्यानंतर पिठाला हात लावू नये या नियमाला इथे अपवाद होतो, कारण वाया जाणाऱ्या वायूपेक्षा कितीतरी जास्त हवा आपण आत घालत असतो. तरीही आठ-दहा वळणांत थांबा. पांढरे पट्टे थोडे दिसत राहिले तरी चालतं.

वॉफल मेकर पूर्ण तापला पाहिजे. घरगुती, कमी वॅटचं यंत्र असेल तर दिवा लागल्यानंतरही दोन-तीन मिनिटं थांबा, कारण झाकणाची पाटी तळापेक्षा हळू तापते. पीठ घातल्यावर कडेने जोरात वाफ निघायला लागते. ती जोरात निघत असताना झाकण उचललं तर वॉफलचे वर-खाली दोन भाग फाटून निघतात. वाफ जवळजवळ थांबली की, बहुतेक यंत्रांत चार ते पाच मिनिटांनी, झाकण उचलून पाहा. ते अडकत असेल तर आणखी अर्धं मिनिट द्या. बाहेर काढलेले वॉफल ताटलीत एकावर एक रचू नका, त्यांच्याच वाफेने ते दोन मिनिटांत लिबलिबीत होतात. जाळीवर सुटे ठेवा. सगळे एकदम वाढायचे असतील तर जाळीसकट १०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवता येतात, तिथे ते वीस मिनिटं चांगले राहतात.